कमान वजनाने पडत नाही

आमच्या संकुलाच्या सभागृहापुढे गणपतीत उभी राहणारी बांबूची कमान दहा माणसं उचलून चार पावलं सरकवू शकतात. ६ मीटर रुंद, ५ मीटर उंच, मखमली झालर आणि दिव्यांच्या माळा लावलेली ती कमान लांबून किल्ल्याच्या दरवाजासारखी भक्कम वाटते. पण तिचं सगळं वजन साधारण २०० किलो. दहा माणसांना जे उचलता येतं, ते वाऱ्यालाही येतं, आणि वारा दहा माणसांपेक्षा खूपच दांडगा असतो.

मी इमारतींच्या सांगाड्यांची गणितं करतो. काही वर्षांपूर्वी गणेशोत्सवात रात्री सोसाट्याच्या सरीत एक कमान तोंडावर पडलेली पाहिली. पहाटेची वेळ होती, खाली कुणी नव्हतं, म्हणून निभावलं. सकाळी कार्यकर्ते म्हणत होते, “बांबू चांगले जाड होते, तरी कशी पडली?” बांबू खरंच जाड होते आणि त्यातला एकही मोडला नव्हता. अख्खी कमान होती तशी उलथली होती. तेव्हापासून कुणी कमानीबद्दल विचारलं, की बांबू किती जाड हे मी शेवटी विचारतो. आधी विचारतो, कापड किती आणि तिला जमिनीशी काय धरून ठेवतंय?

वाऱ्याचा रेटा किती धरायचा, हे अंदाजपंचे ठरवावं लागत नाही. भारतीय मानक ८७५, भाग ३ मध्ये शहरागणिक वाऱ्याचा मूळ वेग दिलेला आहे. पुण्याला तो सेकंदाला ३९ मीटर, मुंबई आणि नागपूरला ४४. पन्नास वर्षं उभ्या राहणाऱ्या इमारतीसाठी हा वेग असतो. दहा दिवसांच्या कमानीला एवढं मोठं वादळ गाठण्याची शक्यता कमी, म्हणून तात्पुरत्या बांधकामासाठी तो कमी करायची मुभा मानकात आहे. भोवती इमारती असतील तर त्या आडोशाचीही सवलत मिळते. या दोन्ही सवलती घेतल्या, की पुण्यातल्या दाट वस्तीतल्या कमानीसाठी वेग येतो सेकंदाला २७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ९७ किलोमीटर. मोकळ्या मैदानाकडे तोंड असेल तर आडोशाची सवलत घेऊ नये. दोन उंच इमारतींमधल्या बोळाच्या तोंडाशीही नाही, कारण तिथे वारा दाटून आणखी जोरात सुटतो.

या वेगाचा वारा सपाट आडव्या आलेल्या कापडावर दर चौरस मीटरला साधारण ५४ किलोचा रेटा देतो. समोरून ढकलणं आणि मागून ओढणं, दोन्ही त्यात धरलं आहे. म्हणजे दारावर वाळत घातलेली सतरंजी जेवढी असते, तेवढ्या तुकड्याला एक मोठा माणूस अंगाने रेटतोय असं समजा. एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवायची. वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट होतो, आणि वेग निम्म्यावर आला तर रेटा पाव होतो. पुढे जे सांगणार आहे, ते सगळं यावरच उभं आहे.

आता आमची कमान घेऊ. दोन्ही बाजूंना १ मीटर रुंद आणि १ मीटर खोल असे बांबूचे चौकोनी मनोरे, प्रत्येकात चार उभे बांबू. मध्ये ४ मीटरची मोकळी वाट. वर १ मीटर उंचीचा आडवा पट्टा, ज्यावर मंडळाचं नाव. ही कमान फक्त चालत येणाऱ्यांसाठी आहे. गाड्यांच्या फाटकावर असती, तर अग्निशमनाची गाडी जाईल एवढी, निदान ४.५ मीटर, मोकळी उंची ठेवावी लागली असती. सजावटवाले नेहमी करतात तसं मनोरे आणि पट्टा समोरून पूर्ण कापडाने झाकले, तर कापड भरतं १४ चौरस मीटर आणि वाऱ्याचा रेटा होतो ७५० किलोच्या वर.

पण नुसता रेटा पाहून भागत नाही, तो किती उंचीवर लागतो तेही पाहावं लागतं. पहार जितकी लांब, तितका थोड्या जोरात दगड हलतो. कमानीत पहार म्हणजे तिची उंची. सगळ्यात मोठा फलक अगदी माथ्यावर असतो, म्हणून त्याच्यावरचा रेटा तिला उलथवायला सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. सोपं व्हावं म्हणून सगळा हिशेब एकाच जागी आणू. कमानीच्या माथ्याला, ४.५ मीटर उंचीवर, दोर बांधून ती ओढली तर किती किलोला ती उलथेल? वारा जे करतो ते त्या दोराच्या ५१५ किलोच्या ओढीएवढं आहे. आणि कमानीचं स्वतःचं वजन तिला किती ओढीपर्यंत धरून ठेवतं? फक्त २२ किलो.

२२ किलो म्हणजे तांदळाच्या लहान पोत्याएवढं. ही तफावत पाहिली, की जाड बांबू का उपयोगी पडले नाहीत ते कळतं. बांबूची ताकद शिल्लक होती. कमी होतं ते वजन आणि धरून ठेवणारा आधार.

अनेक ठिकाणी यावर एकच उपाय दिसतो. २०० लिटरच्या पिंपात वाळू भरतात, मधोमध बांबू रोवतात आणि अशा दोन पिंपांवर कमान उभी करतात. पिंपातली वाळू ३२० किलोच्या आसपास भरते, म्हणून ती हलणार नाही असं वाटतं. पण पिंप उलथतं ते त्याच्या काठावर, आणि मध्यापासून काठ अवघा २९ सेंटिमीटर. त्यामुळे एका पिंपाचा बांबू माथ्याशी साधारण २० किलोची ओढ सोसतो. दोन पिंपांचे ४०. पाचशेच्या पुढे हे चाळीस म्हणजे काहीच नाही. पिंपात रोवलेल्या दोन एकट्या बांबूंवरची कमान मी कधीच मान्य करत नाही, मग ती कितीही छोटी असो.

तीच पिंपं वेगळ्या रीतीने मांडली तर मात्र चित्र पालटतं. मनोऱ्याच्या प्रत्येक पायाला एक पिंप दिलं आणि चारही पाय तिरप्या बांबूंनी एकमेकांशी घट्ट बांधले, तर वजन २९ सेंटिमीटरवर काम करत नाही, मनोऱ्याच्या अख्ख्या खोलीवर करतं. मनोरा १ मीटरऐवजी १.२ मीटर खोल केला, की आठ पिंपं मिळून माथ्याशी ३४० किलोच्या आसपास ओढ सोसतात. वाळू तितकीच, बांबूही जवळपास तितकेच. फरक पडला तो मांडणीचा. यात एक बारीक गोष्ट विसरली जाते. वाळूत नुसता खुपसलेला बांबू वर उपसून येतो. त्याच्या बुडाशी वीतभर लांबीचे दोन दांडके आडवे-उभे बांधून मग वर वाळू भरावी, म्हणजे वाळूच त्याला दाबून धरते. वाळू ओली करून ठोकत ठोकत भरावी.

तरीही ३४० म्हणजे ५१५ नव्हे. इथे कापडाकडे वळावं लागतं, आणि मंडळांशी माझा खरा वाद इथेच असतो.

कापड काढून टाकलं तर नुसत्या बांबूंच्या सांगाड्यालाही वारा लागतोच. आठ-आठ सेंटिमीटर जाडीच्या बांबूंची बेरीज केली तर ती सहा चौरस मीटरच्या आसपास जाते, म्हणजे सांगाडा अगदी विरळ असतो असंही नाही. त्या भर वाऱ्यात माथ्याशी ओढ येते सुमारे २२० किलोची. दीडपट सुरक्षितता धरली तर ३३० हवेत. वरची आठ पिंपं तेवढं देतात. म्हणून माझा नियम असा, की सांगाडा भर वाऱ्याला टिकेल असा बांधायचा, आणि कापड वेळेवर उतरवता येईल असं लावायचं. कापडासकट सगळ्या वाऱ्याला टिकणारी कमान बांधता येत नाही असं नाही, पण तेवढं वजन आणि तेवढी पिंपं सभागृहाच्या अंगणात आणली, तर माणसांना वाट उरत नाही.

वेग निम्म्यावर आला की रेटा पाव होतो, असं वर म्हटलं ते इथे कामाला येतं. ताशी ५० किलोमीटरच्या झोताला पूर्ण कापड लावलेल्या कमानीवर माथ्याशी ओढ १३० किलोच्या आसपासच असते. सांगाड्यासाठी केलेली सोय ती सहज सोसते. ताशी ६० च्या पुढे मात्र सुरक्षिततेचा वाटा खर्च व्हायला लागतो. म्हणजे कापड उतरवायची वेळ त्याच्या आधी यायला हवी. वारा मोजायचं यंत्र मंडळाकडे नसतं, पण झाडं असतात. झाडांच्या मोठ्या फांद्या हलायला लागल्या आणि उघडी छत्री सांभाळणं अवघड झालं, की वारा ताशी ४० ते ५० किलोमीटरचा आहे असं समजावं. तेव्हाच कापड खाली यायला हवं. हवामान खात्याचा सोसाट्याच्या वाऱ्याचा इशारा असेल तर झाडांची वाट पाहू नये, संध्याकाळीच उतरवून ठेवावं. भाद्रपदातल्या नेहमीच्या सरींपेक्षा नवरात्रातला परतीचा पाऊस जास्त फसवा असतो. दुपारभर उकाडा, पानही हलत नाही, आणि विजांचा ढग डोक्यावर आला की पाच मिनिटांत धुळीचा लोट येतो. वळवाच्या पावसाचंही तसंच. १३ मे २०२४ ला घाटकोपरचा अवाढव्य जाहिरातफलक अशाच वादळी वाऱ्यात पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ जणांचा जीव गेला. तो लोखंडाचा होता, पायासह होता.

कापड पाच मिनिटांत उतरायचं असेल तर ते तसंच लावलेलं असावं लागतं. खिळे, स्टेपल, तारेचे आवळे नकोत. वरच्या कडेला काठी शिवावी, काठीला दोन दोर बांधून ते माथ्यावरच्या कड्यांतून खाली आणावेत, झेंड्याच्या दोरासारखे. दोर सोडला की कापड खाली येतं, शिडी लागत नाही. खालची आणि बाजूची कड एकेरी सुतळीने बांधावी, दर दोन विती अंतरावर एक गाठ. यात हेतू असा, की कुणी जागं नसताना अचानक झोत आलाच, तर आधी सुतळी तुटावी, कापड झेंड्यासारखं फडफडत सुटावं आणि सांगाडा उभा राहावा. विजेच्या मंडलात फ्यूज जे काम करतो, ते इथे सुतळी करते. उत्साही कार्यकर्ते हीच सुतळी नायलॉनच्या दोरीने बदलतात, कापड फार फडफडतं म्हणून. मग वाऱ्याचा रेटा सरळ कमानीवर येतो.

फ्लेक्सला भोकं पाडली की वारा निघून जातो, हा समज सगळीकडे आहे. अर्धचंद्राच्या आकाराचे दहा-बारा छेद पाडले तरी उघडी जागा एकूण फलकाच्या मानाने नगण्य असते, आणि रेट्यात कमी होते तीही तेवढीच. जाळीदार कापड, ज्यात निम्मी जागा खरोखर मोकळी आहे, त्याने फरक पडतो. साध्या मांजरपाटातून कोरडं असताना थोडा वारा पाझरतो, पण पावसात भिजलं की त्याची छिद्रं पाण्याने बुजतात आणि ते फ्लेक्ससारखंच वागतं. माझं मत विचाराल तर मनोरे झाकूच नयेत. बांबूची कारागिरी उघडी राहू द्यावी, तिला झेंडूच्या माळा आणि आंब्याचे टहाळे लावावेत, आणि कापड फक्त नावाच्या पट्ट्यापुरतं ठेवावं. दिसायलाही ते जास्त देखणं असतं.

पिंपांऐवजी ताण द्यायचे असतील, म्हणजे माथ्यापासून जमिनीपर्यंत तिरपे दोर, तर ते चार हवेत. दोन पुढे, दोन मागे, कारण वारा कुठल्या बाजूने येईल याचा नेम नसतो. दोर कमानीपासून तितक्याच अंतरावर अडकवावा, जितक्या उंचीवरून तो निघतो. साडेचार मीटर उंचीवरून निघाला तर साडेचार मीटर दूर. जागा नाही म्हणून अंतर निम्मं केलं, तर दोराच्या टोकाला वर उपसणारा जोर दुप्पट होतो. नीट अंतरावरच्या एका ताणाच्या टोकाशी, सुरक्षितता धरून, १५० किलोची आडवी ओढ आणि १५० किलोची वर उपसणारी ओढ येते. टोक वाळूच्या पिंपाला बांधलं तर दोन गोष्टी एकदम घडतात. दोर पिंपाला वर उचलून त्याचं वजन हलकं करतो, आणि त्या हलक्या झालेल्या पिंपाला बाजूला ओढतो. सिमेंटच्या फरशीवर पिंप सरकायला त्याच्या वजनाच्या साधारण ४० टक्के जोर पुरतो. हिशेब केला तर एका ताणाला किमान ५२५ किलो वजन लागतं, म्हणजे वाळूची दोन पिंपं. पाण्याची तीन लागतील. पावसाळ्यात शेवाळलेली फरशी असेल तर त्याहूनही जास्त. एका पिंपाला ताण बांधून निश्चिंत झालेली मंडळं मी पाहिली आहेत. तिथे दोर तुटत नाही, पिंप घसरत जातं, दोर ढिला पडतो आणि कमान झुकते. फरशीवर पिंपाच्या बुडाचा चंद्रकोरीसारखा ओरखडा दिसला, तर ते सरकतंय असं समजावं.

मातीचं अंगण असेल तर लोखंडी खुंट्या बऱ्या. मीटरभर लांबीचा लोखंडी कोन किंवा जाड सळई, निदान तीन चतुर्थांश जमिनीत, आणि डोकं कमानीपासून बाहेरच्या बाजूला कललेलं. दोर जमिनीलगत बांधायचा, खुंटीच्या टोकाला नाही, नाहीतर खुंटीच पहार होऊन माती उखडते. मुरमाड जमीन छान धरते. काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी वाटते आणि भिजली की लोण्यासारखी सोडते. म्हणून खुंटी पावसाआधी पक्की वाटली यावर विसंबू नये, ओल्या जमिनीत तपासून पाहावी. तपासायची रीत सोपी आहे. २ मीटर लांबीचा जाड बांबू किंवा पहार घ्या, खुंटीपासून अर्ध्या मीटरवर विटेचा टेकू द्या, बांबूचं आखूड टोक खुंटीला दोराने बांधा आणि लांब टोकावर ६० किलोचा माणूस हळूहळू वजन देऊ द्या. खुंटीवर १८० किलोची उपसणारी ओढ बसते. ती बोटभरही वर आली, तर त्या जागी दुसरी खुंटी ठोकून दोन्ही एकत्र बांधाव्यात आणि पुन्हा तपासावं. या एका चाचणीवर मी जेवढा विश्वास ठेवतो, तेवढा माझ्या कागदावरच्या आकड्यांवरही नाही.

वाट अडवणाऱ्या दोरात माणसं अडखळतात, तेव्हा प्रत्येक ताणाला छातीच्या उंचीपर्यंत पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या बांधाव्यात आणि खुंटीवर वाळूची गोणी टाकावी. रस्त्यावर खोदायला किंवा ठोकायला महापालिकेची परवानगी लागते. ती नसेल तर पिंपंच.

आता बांबू आणि गाठी. हे मी थोडक्यात सांगतो, कारण मांडववाल्यांना ते माझ्याहून चांगलं येतं. उभ्या बांबूंसाठी विदर्भातला मानवेल किंवा सिंधुदुर्गातला माणगा घ्यावा. दोन्ही जवळजवळ भरीव असतात आणि चिरत नाहीत. खिळा ठोकू नये, त्याने बांबू कांड्यातून उभा फाटतो. काथ्याने बांधावं, तेही पेराला टेकून, म्हणजे गाठ घसरत नाही. काथ्या भिजवून बांधला तर वाळताना आवळतो. पण बांबू ओला असेल तर तो सुकून बारीक होतो आणि आठ दिवसांत सगळ्या गाठी सैल पडतात. स्थापनेनंतर तिसऱ्या दिवशी गाठी पुन्हा आवळायची सवय त्यासाठीच. नायलॉनचे ताणही पहिल्या दोन दिवसांत लांबतात. प्रत्येक मनोऱ्याच्या चारही बाजूंना कैची मारलेली असावी. चौकोनाला तिरपा बांबू नसेल तर तो ढकलला की पतंगासारखा तिरका होतो, आणि मग आठ पिंपांचं वजन एकत्र काम करत नाही, प्रत्येक पाय एकटाच लढतो. सजावट नीट बसावी म्हणून समोरची कैची काढून टाकलेली मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिली आहे.

कमान उभी राहिली की कापड चढवण्याआधी एक करा. माथ्याला दोर बांधा, तो जमिनीला शक्य तेवढा समांतर राहील इतकं लांब उभं राहा, आणि चार जणांनी सावकाश ओढा. खाली कुणाला थांबू देऊ नका. चार माणसं मिळून शंभर किलोच्या पुढे सहज ओढतात. एकेक पाय पाहा: पिंप उचललं जातंय का, गाठ कुरकुरते का, मनोरा पिळतोय का. मग मागून ओढा, मग बाजूने. जे सैल आहे ते तेव्हाच दिसतं, आणि दुरुस्त करायला अजून दिवस हातात असतो.

आणि परवानगीच्या कागदावर कमानीची उंची-रुंदी लिहाल, तेव्हा त्याच्या खाली रोजच्या रात्रीची दोन नावं आणि मोबाइल नंबरही लिहा. इशारा आला तर कापडाचा दोर सोडायला खाली येतील, अशा दोघांची.